ऑफर स्वीकारण्याच्या ईमेलमध्ये पगार, तारीख आणि अटी कशा लिहाव्यात

प्रश्न: मला ऑफर लेटर आलं आहे आणि नोकरी मनापासून हवी आहे. होकाराच्या ईमेलमध्येच पगार, रुजू होण्याची तारीख आणि फोनवर ठरलेल्या दोन-तीन गोष्टी लेखी पक्क्या करून घ्यायच्या आहेत. पण लिहायला बसलं की एक तर वकिलाची नोटीस वाटते, नाहीतर नुसतं आभारपत्र होतं. कसं लिहू?

उत्तर:

भरती विभागात मी चौदा वर्षं काढली. त्यातला मोठा काळ ऑफर लेटर तयार करण्यात आणि त्यांना आलेली उत्तरं वाचण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मसुद्यात नोटिशीचा सूर येतोय तो शब्दांमुळे नसावा. जी गोष्ट अजून ठरलेलीच नाही ती तुम्ही होकाराच्या ईमेलमध्ये ठरवायला बघत असाल, तर सूर ताठर होणारच. ठरलेली गोष्ट लिहिताना माणूस सहज लिहितो. न ठरलेली गोष्ट ठरल्यासारखी लिहायची असली की ‘मी असे गृहीत धरतो’, ‘कृपया लेखी खात्री द्यावी’ असली वाक्यं हाताखालून निघतात.

म्हणून ईमेल लिहिण्याआधी पत्र समोर घ्या आणि तुमच्या सगळ्या मुद्द्यांचे तीन गठ्ठे करा. पत्रात स्पष्ट लिहिलेलं आणि तुम्हाला मान्य असलेलं ते पहिल्या गठ्ठ्यात. बोलण्यात दोन्ही बाजूंनी ठरलेलं, पण पत्रात न आलेलं ते दुसऱ्यात. आणि जिथे पत्र एक सांगतं, तुमच्या आठवणीत दुसरं आहे, किंवा जे तुम्हाला हवं आहे पण कधी विचारलंच नाही, ते तिसऱ्यात. पहिले दोन गठ्ठे होकाराच्या ईमेलमध्ये जातात. तिसरा तिथे कधीही जात नाही. त्याच्यासाठी आधी एक छोटा, वेगळा ईमेल लिहायचा आणि तो गठ्ठा रिकामा झाल्यावरच होकार द्यायचा.

हा नुसता शिष्टाचार नाही. होकार हा प्रस्तावाला जसाच्या तसा हवा, असा कराराच्या कायद्यातला जुना नियम आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली ‘हाइड विरुद्ध रेंच’ असा एक खटला झाला. रेंचने आपली शेतजमीन १,००० पौंडांना देऊ केली होती. हाइड म्हणाला, ९५० देतो. रेंचने नकार दिल्यावर हाइड १,००० द्यायला तयार झाला, पण तोवर उशीर झाला होता. ९५० चा आकडा पुढे केला तेव्हाच मूळ प्रस्ताव संपला, असं न्यायालयाने ठरवलं. पुढे १८८० मध्ये ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’ या खटल्यात लोखंडाच्या खरेदीदाराने तार करून विचारलं होतं, की माल दोन महिन्यांत विभागून घेतला तर चालेल का, आणि नसेल तर जास्तीत जास्त किती मुदत द्याल. न्यायालयाने म्हटलं, ही नुसती चौकशी आहे, तिच्यामुळे प्रस्ताव मोडत नाही. देशोदेशीचे कायदे सारखे नसतात आणि तुमच्या ईमेलवरून कोणी कोर्टात जाईल असंही नाही. पण ‘विचारणं’ आणि ‘बदलून होकार देणं’ यांतला हा फरक ऑफर लेटर काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात पक्का असतो. ‘पगार ८,४०,००० असेल या अटीवर मी स्वीकारते’ असं वाचलं की आम्ही ती फाइल होकाराच्या रांगेतून काढून वाटाघाटीच्या रांगेत टाकतो. ‘पत्रातला एक आकडा समजून घ्यायचा होता’ असं वाचलं की उत्तर देतो आणि होकाराची वाट बघतो.

गेल्या वर्षी माझी भाची अशीच पत्र घेऊन माझ्याकडे आली होती. तिची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमचे तीनही मुद्दे तीत आहेत.

फोनवर तिला सांगितलं होतं, ‘एकूण ९,६०,०००, त्यातले १,२०,००० कामगिरीवर.’ म्हणजे स्थिर पगार ८,४०,०००, महिन्याला ७०,०००, असा हिशेब तिने केला. पत्राच्या पहिल्या पानावर ९,६०,००० हाच आकडा होता, म्हणून ती निर्धास्त होती. मी तिला शेवटचं पान उघडायला लावलं, पगाराच्या फोडीचं. तिथे स्थिर पगार ८,१०,०००, कामगिरीवरचा भाग १,२०,००० आणि रुजू होताना एकदाच मिळणारी रक्कम ३०,००० असं मांडलेलं होतं. बेरीज बरोबर ९,६०,०००. पण महिन्याचा पगार ७०,००० नव्हे, ६७,५०० होत होता. आणि ३०,००० एकदाच मिळणार असल्याने दुसऱ्या वर्षी, काही वाढ धरली नाही तर, एकूण आकडा ९,३०,००० वर येत होता. शिवाय तळटीप होती, की एका वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ही रक्कम परत करावी लागेल.

यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. फोनवर बोलणारा एक असतो, पत्र तयार करणारा दुसरा. पत्र तयार करणाऱ्याला वरून एकूण आकडा आणि एक साचा मिळतो, त्या साच्यात तो रकमा बसवतो. म्हणून पगाराबाबत माझा नियम एकच आहे. एकूण आकड्यावर होकार द्यायचा नाही, फोडीवर द्यायचा. स्थिर किती, बदलता किती, एकदाच मिळणारं किती, हे तीन आकडे वेगळे काढा. बदलता भाग कशावर ठरतो आणि कधी मिळतो, तेही बघा. वर्षाच्या मध्यावर रुजू झालात तर पहिल्या वर्षी तो महिन्यांच्या प्रमाणात मिळतो, की अमुक महिने भरल्याशिवाय मिळतच नाही? पत्रात याचा उल्लेख नसेल तर तो प्रश्न तिसऱ्या गठ्ठ्यात.

तिच्या पत्राची तारीख २ एप्रिल होती आणि उत्तर ९ एप्रिलपर्यंत द्यायचं होतं. रुजू होण्याची तारीख लिहिली होती २ जून. तिच्या तेव्हाच्या नोकरीत नोटीस ६० दिवसांची. राजीनामा लवकरात लवकर सोमवारी, ७ एप्रिलला देता येणार होता. ८ एप्रिल हा पहिला दिवस धरला तर एप्रिलचे २३, मेचे ३१ आणि जूनचे ६ मिळून ६० होतात. शेवटचा दिवस शुक्रवार, ६ जून. म्हणजे २ जूनला ती रुजू होऊच शकत नव्हती. रुजू होण्याची तारीख सोमवार, ९ जून हवी होती.

हा हिशेब लोक अंदाजाने करतात आणि फसतात. ‘दोन महिने’ आणि ‘६० दिवस’ यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो. राजीनाम्याचा दिवस मोजायचा की नाही हे ज्याच्या-त्याच्या करारावर असतं, शिल्लक रजा नोटिशीत वळती होते की नाही तेही. जुना करार काढून वाचा आणि दिवस बोटांवर मोजा. ‘जुनी कंपनी लवकर सोडेल’ या भरवशावर अलीकडची तारीख कधी देऊ नका. लवकर सुटलात तर नव्या कंपनीला अलीकडची तारीख कळवणं सोपं असतं. दिलेली तारीख पुढे ढकलावी लागली तर मात्र नव्या साहेबांशी पहिली ओळखच ‘शब्द न पाळणारी’ म्हणून होते.

पगाराची फोड आणि तारीख हे दोन मुद्दे तिसऱ्या गठ्ठ्यात गेले. त्यांच्यासाठी तिने ३ एप्रिलला एवढंच लिहिलं:

> नमस्कार मॅडम,
>
> ऑफर लेटर मिळालं, मनापासून धन्यवाद. हे काम करायची मला खरंच इच्छा आहे. होकार कळवण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या.
>
> पगाराच्या फोडीत स्थिर पगार ८,१०,००० आहे आणि एकदाच मिळणारे ३०,००० एकूण ९,६०,००० मध्ये धरलेले दिसतात. २८ मार्चच्या आपल्या बोलण्यावरून मी स्थिर ८,४०,००० आणि कामगिरीवरचे १,२०,००० असं समजले होते. यातलं बरोबर कोणतं?
>
> दुसरं म्हणजे, माझ्या नोटिशीचे ६० दिवस ६ जूनला संपतात. रुजू होण्याची तारीख २ जूनऐवजी सोमवार, ९ जून करता येईल का?
>
> आज-उद्या फोनवर बोलायचं असेल तर दुपारी तीननंतर मी मोकळी आहे.

या ईमेलमध्ये ‘तुम्ही चुकलात’ असं कुठेही नाही. ‘मी असं समजले होते, बरोबर कोणतं?’ एवढंच आहे. समोरच्याला चूक सुधारायला वाट मिळते आणि तुमचा आकडाही लेखी जातो. ‘हे काम करायची इच्छा आहे’ हे वाक्य वर असल्याने कोणालाही ही घासाघीस वाटत नाही. अशा ईमेलमुळे ऑफर मागे घेतली गेल्याचं मी माझ्या चौदा वर्षांत पाहिलेलं नाही. सही झाल्यानंतर, पहिल्या पगाराच्या दिवशी हाच प्रश्न घेऊन आलेली माणसं मात्र पाहिली आहेत. त्यांना ‘सही तुमचीच आहे’ यापलीकडे काही सांगता यायचं नाही, आणि ते सांगताना वाईट वाटायचं.

शुक्रवारी, ४ एप्रिलला सुधारलेलं पत्र आलं. स्थिर ८,४०,०००, कामगिरीवर १,२०,०००, एकदाच मिळणारी रक्कम काढून टाकलेली, तारीख ९ जून.

आता दुसरा गठ्ठा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

भाचीच्या बाबतीत यात दोन गोष्टी होत्या. होणाऱ्या मॅनेजरने मुलाखतीत सांगितलं होतं की आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल. आणि १४ ते १८ जुलै ही आधीच ठरलेली रजा तिने विचारली होती, तिला ते ‘काही हरकत नाही’ म्हणाले होते. दोन्ही गोष्टी पत्रात नव्हत्या. पहिले सहा महिने परिवीक्षेचे असून त्या काळात रजेला पूर्वपरवानगी लागेल, असं मात्र पत्रात होतं.

मी पूर्वी ज्या कंपनीत होते तिथला एक प्रसंग मी विसरलेले नाही. एका अनुभवी माणसाला त्याच्या मॅनेजरने असाच शब्द दिला होता, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. घरी आजारी वडील होते, त्या शब्दावरच त्याने नोकरी घेतली. तिसऱ्या महिन्यात मॅनेजर कंपनी सोडून गेले. नव्या मॅनेजरने विचारलं, हे कुठे लिहिलं आहे? त्याने माझ्याकडे धाव घेतली. मी फाइल काढली. पत्र होतं, आणि त्याचा होकाराचा ईमेल होता, दोन ओळींचा: ‘ऑफर सहर्ष स्वीकारतो, संधीबद्दल आभार.’ मला त्याच्यासाठी काहीच करता आलं नाही. त्या ईमेलमध्ये आणखी एक वाक्य असतं तर मी ते नव्या मॅनेजरपुढे ठेवू शकले असते.

होकाराचा ईमेल कोणासाठी लिहायचा, ते यावरून ध्यानात येईल. आज तो वाचणाऱ्या बाईंना तुमचं बोलणं आठवतं. तो लिहायचा त्या माणसासाठी, जो सहा महिन्यांनी फाइल उघडेल आणि त्या फोनवर कधीच नव्हता. म्हणून कोण बोललं, कधी बोललं, काय ठरलं, या तिन्ही गोष्टी वाक्यात हव्यात. ‘बोलल्याप्रमाणे घरून कामाची सोय असेल’ यातून त्या माणसाला काहीच कळत नाही. ‘२५ मार्चच्या मुलाखतीत विभागप्रमुखांशी ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस घरून’ यातून सगळं कळतं.

पण त्याआधी पत्रातलं एक कलम शोधा. बऱ्याच पत्रांत शेवटाकडे असा मजकूर असतो, की हे पत्र म्हणजेच दोन्ही बाजूंमधला संपूर्ण करार असून याआधीची सर्व तोंडी वा लेखी बोलणी यामुळे रद्द होतात. अशा पत्रावर तुम्ही सही केलीत की मुलाखतीतला शब्द कागदावर तरी पुसला जातो. तुमच्या ईमेलमध्ये ‘आधी ठरल्याप्रमाणे’ असलं तरी त्याची ताकद उरत नाही, कारण आधीचं सगळं रद्द, असंच तुम्ही मान्य केलेलं असतं. त्याला जोडून, यापुढचा कोणताही बदल अधिकृत व्यक्तीने लेखी दिला तरच ग्राह्य, असंही कलम असू शकतं.

भाचीच्या पत्रात ही दोन्ही कलमं होती. अशा वेळी ज्या गोष्टीवाचून तुम्ही नोकरी घेणारच नाही, ती पत्रात किंवा पत्राला जोडलेल्या पुरवणीत यायलाच हवी. तेवढी निकडीची नसलेली गोष्ट ईमेलवर चालते, पण त्या ईमेलला भरती विभागाचा लेखी दुजोरा पत्राच्या तारखेनंतर आलेला हवा. नुसत्या मॅनेजरचा पुरेसा नाही. तिने फोन करून विचारलं. घरून कामाची सोय विभागाच्या धोरणात असल्याने ती पत्रात घालत नाहीत, पण ईमेलवर दुजोरा देऊ, असं उत्तर मिळालं. तिला ते चालण्यासारखं होतं. त्या आजारी वडिलांच्या मुलाला चाललं नसतं, आणि त्याने पुरवणी मागायला हवी होती, असं मला आजही वाटतं. धोरण बदललं तर ईमेलवरचा दुजोरा फार काळ टिकत नाही. तो फक्त ‘असं ठरलंच नव्हतं’ हे म्हणू देत नाही.

एवढं झाल्यावर होकाराचा ईमेल लिहायला तिला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ४ एप्रिलच्या संध्याकाळी गेलेला ईमेल असा होता:

> विषय: ऑफरचा स्वीकार – (पदाचं नाव) – (पूर्ण नाव) – रुजू ९ जून
>
> नमस्कार मॅडम,
>
> ४ एप्रिलच्या सुधारित पत्रातली ऑफर मी आनंदाने स्वीकारत आहे. मुलाखतीत सरांनी तक्रारींच्या नोंदी नव्याने लावण्याचं जे काम दाखवलं, ते तेव्हापासून डोक्यात घोळत आहे. ते काम माझ्याकडे येणार याचा फार आनंद आहे.
>
> दोन्ही बाजूंच्या नोंदीसाठी ठरलेल्या गोष्टी एकत्र लिहिते. वार्षिक स्थिर पगार ८,४०,००० आणि कामगिरीवर आधारित १,२०,०००, एकूण ९,६०,०००, पत्रातल्या फोडीप्रमाणे. सोमवार, ९ जून रोजी मी रुजू होईन. सध्याच्या नोकरीतला माझा शेवटचा दिवस ६ जून आहे. परिवीक्षा सहा महिन्यांची.
>
> पत्राबाहेरच्या दोन गोष्टी आपल्या आजच्या फोनप्रमाणे अशा: २५ मार्चला विभागप्रमुख सरांशी ठरल्यानुसार आठवड्यातून दोन दिवस घरून काम, आणि १४ ते १८ जुलै या पाच दिवसांच्या रजेला परवानगी. या दोन्हींना याच ईमेलवर ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर दिलंत तर पुरे.
>
> सही केलेलं पत्र सोबत जोडलं आहे. पडताळणीची कागदपत्रं सोमवारी पाठवते. सध्याच्या कंपनीकडची चौकशी माझ्या राजीनाम्यानंतर करावी, ही विनंती.
>
> आपण दोन दिवसांत पत्र सुधारून दिलंत, त्याबद्दल खास आभार. ९ जूनला भेटू.

या ईमेलमध्ये उत्साह कुठे आहे ते बघा. पहिल्या परिच्छेदात दोन वाक्यं आणि शेवटी दोन. मधले परिच्छेद कोरडे आहेत आणि ते कोरडेच हवेत. आकड्यांच्या मध्ये ‘अत्यंत आनंद होत आहे’ पेरलं की आकडेही पोकळ वाटतात आणि आनंदही. तुमचं आभारपत्र होत होतं ते बहुधा यामुळेच, आनंद सगळीकडे पसरलेला असणार.

आणि आनंद शब्द मोठे केल्याने दिसत नाही. ‘या संधीचं सोनं करीन’, ‘माझं स्वप्न साकार झालं’, ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेचा भाग होणं हे माझं भाग्य’ ही वाक्यं मी इतक्या वेळा वाचली आहेत की नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते. ती कोणत्याही कंपनीला, कोणत्याही पदासाठी चालतात, म्हणून ती वाचणाऱ्याची राहत नाहीत. ‘तक्रारींच्या नोंदी नव्याने लावण्याचं काम’ हे वाक्य मात्र एकाच जागेसाठी लिहिता येतं. त्या बाईंनी ते वाक्य विभागप्रमुखांना पुढे पाठवलं, असं भाचीला नंतर कळलं. मुलाखत आठवा. कोणत्या क्षणी तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात? कोणतं काम ऐकून आणखी प्रश्न विचारावेसे वाटले? ते एका वाक्यात लिहा, विशेषणं न लावता. असं काहीच आठवत नसेल तर साधं ‘या कामाची मी वाट बघते आहे’ पुरतं. ओढून-ताणून आणलेलं कौतुक लगेच कळतं.

अटी लिहिताना ‘ठरल्यानुसार’ आणि ‘नोंदीसाठी’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. ‘ठरल्यानुसार’ म्हटलं की तुम्ही काही मागत नाही आहात, झालेलं सांगता आहात. ‘दोन्ही बाजूंच्या नोंदीसाठी’ म्हटलं की त्यात संशय उरत नाही. उलट ‘अन्यथा’, ‘या अटीवर’, ‘खात्री मिळाल्यासच’ हे शब्द होकाराच्या ईमेलमध्ये आले, तर समजा की तिसऱ्या गठ्ठ्यातलं काहीतरी अजून शिल्लक आहे. मग ईमेल थांबवा आणि आधी तो प्रश्न विचारा.

उत्तर कशाला हवं तेही सोपं करून द्या. भाचीने सगळ्या ईमेलला दुजोरा मागितला नाही, फक्त पत्राबाहेरच्या दोन गोष्टींना मागितला, आणि उत्तराचे शब्दही देऊन ठेवले. पगार आणि तारीख पत्रातच आहेत, त्यांच्यावर तिची सही झाली आहे, तिथे वेगळ्या दुजोऱ्याची गरज नाही. सात मुद्द्यांना मुद्देनिहाय उत्तर मागितलं की ते काम बाजूला पडतं. मी स्वतः असे ईमेल ‘सवडीने बघू’ म्हणून ठेवलेले आहेत, खरं ते सांगते.

पत्राचे आकडे आणि कलमं लिहिताना आठवणीवर जाऊ नका, पत्रातून उतरवून घ्या, आणि कोणत्या तारखेचं पत्र ते लिहाच. सुधारित पत्र आलं की जुनंही कुठेतरी पडून असतं, आणि पगार लावणाऱ्याच्या हातात जुनं गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ईमेल ज्या संभाषणात ऑफर आली त्यालाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे आधीचा सगळा पत्रव्यवहार खाली जोडलेला राहतो. पाठवा स्वतःच्या खासगी पत्त्यावरून. सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावरून कधीच नको, राजीनाम्यानंतर तो पत्ता तुमच्या हातात राहणार नाही.

काही कंपन्यांत ऑफर संगणकावर एक बटण दाबून स्वीकारायची असते आणि ईमेलला जागाच नसते. तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी भरती विभागाला प्रश्नाचा ईमेल, मग सुधारित पत्र, मग बटण, आणि त्याच दिवशी वरच्यासारखा होकाराचा ईमेल. आधी बटण दाबून नंतर प्रश्न विचारले, तर उत्तर द्यायची त्यांना घाई उरत नाही.

उत्तर काय येतं त्याकडे नीट बघा. ‘अभिनंदन, तुमचं स्वागत आहे!’ एवढंच आलं तर तो तुमच्या होकाराला दुजोरा झाला, रजेला आणि घरून कामाला नव्हे. असं झालं तर रुसवा न धरता त्याच संभाषणात लिहा: ‘धन्यवाद मॅडम. घरून काम आणि जुलैच्या रजेबद्दलचं तेवढं बरोबर आहे ना?’ कामाच्या दोन दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर फोन करा आणि फोननंतर एक ओळ ईमेलवर टाका.

आणि हे सगळं होईपर्यंत राजीनामा देऊ नका. पत्रात ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ असं कलम असेल तर ऑफर अजून सशर्त आहे. सध्याच्या कंपनीकडची चौकशी राजीनाम्याआधी होऊ शकत नाही, पण शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी होऊ शकते. ती कधी पूर्ण होईल हे विचारायला हरकत नाही. तुमच्या कागदांत काही खटकण्यासारखं असेल, मधला रिकामा काळ किंवा नावातला फरक, तर ते राजीनाम्याआधी स्वतःहून सांगून टाका.

भाचीला सोमवारी, ७ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास उत्तर आलं: ‘दोन्ही बरोबर आहे. सरांनाही प्रत पाठवली आहे.’ शिक्षण आणि आधीच्या नोकरीची पडताळणी चार-पाच दिवसांत होते, असं त्याच बाईंनी फोनवर सांगितलं. तिचे कागद सरळ होते, आणि आणखी थांबलं असतं तर ६ जूनचा हिशेब पुढे गेला असता. म्हणून तिने त्याच दुपारी राजीनामा दिला. जुलैत रजेचा अर्ज भरताना संगणकाने ‘परिवीक्षेत रजा नाही’ असं दाखवलं. तिने तो ईमेल जोडला आणि अर्ज तासाभरात मंजूर झाला.